पोटातला फोल्डर

चिमीचं खरं नाव काय, हे तिच्या ऑफिसात कुणालाच आठवायची गरज पडत नसे. पंचेचाळिशी ओलांडली, केसांत पांढरं आलं, आर्किटेक्टची पदवी भिंतीवर पिवळी पडत चालली, तरी दादासाठी ती चिमीच. दादा म्हणजे थोरला भाऊ. तोही आर्किटेक्ट, ऑफिसचा मालक, आणि दारावरच्या पाटीवरचं एकमेव नाव. नकाशे चिमी काढायची आणि सह्या दादा करायचा. ही विभागणी दोघांनी कधी बसून ठरवली नव्हती. घरात मोठ्याने पंख्याखाली बसायचं आणि लहानीने स्टुलावर, हे जसं कुणी ठरवत नाही, तसंच तेही आपोआप झालं होतं.

पण या वेळी दादाने शब्द दिला होता. हाडांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बांधायला घेतला होता, तो पहिल्या रेषेपासून चिमीचा होता. डॉक्टरीणबाई भेटायला यायच्या त्या तिलाच, आणि प्लास्टर घालायची खोली कुठे, एक्स-रे कुठे, कुबड्या घेऊन चालणाऱ्याला वळताना जागा किती लागते, हे सगळं त्या दोघींनी मिळून ठरवलं होतं. "हा दवाखाना उभा राहू दे, चिमे. मग भागीदारी. पाटीवर तुझं नाव, नकाशावर तुझी सही," दादा म्हणाला होता, आणि म्हणताना वहिनी समोर होती, म्हणजे साक्षीदारही होता. चिमीने तेवढ्यावर वर्षभर मान मोडून काम केलं.

आता ढगांविषयी, म्हणजे संगणकातल्या क्लाउडविषयी, सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

ऑफिसात पहिला ढग आणला तो मामाने. मामा म्हणजे वहिनीचा भाऊ, दादाचा मेहुणा. त्याने एके दिवशी येऊन सगळ्या संगणकांवर निळ्या खुणेचा ढग बसवला. 'ऑफिस' नावाचा एक फोल्डर केला. त्यात ठेवाल ते आपोआप वर जाईल आणि बाकीच्या संगणकांवर उतरेल, असं समजावलं आणि दोन कप चहा घेऊन गेला. निळा ढग मुकाट्याने चालत राहिला. चिमीने इथे फाईल सेव्ह केली की दादाच्या लॅपटॉपवर ती दिसे आणि दादाच्या घरच्या संगणकावरही. कुणाची काही तक्रार नव्हती.

मग दादाच्या मुलीचं लग्न झालं आणि घरात जावईबापू आले.

जावईबापू एका मोठ्या कंपनीत होते. तिथे ते नेमकं काय करतात हे सासरी कुणाला सांगता आलं नसतं, पण कंपनी संगणकाची होती, एवढ्यावर सासऱ्यांनी त्यांना संगणकाचा बृहस्पती ठरवून टाकलं होतं. घरचा टीव्ही लागेना, विचारा जावईबापूंना. फोन गरम होतो, विचारा जावईबापूंना. जावईबापूंना माहीत नसलं तरी ते 'माहीत नाही' असं म्हणत नसत, आणि हा एकच गुण पुरेसा होता. त्यांनी ऑफिसात येऊन निळ्या ढगाकडे पाहिलं आणि दात दुखत असल्यासारखा श्वास आत ओढला.

"पप्पा, हे अजून वापरता तुम्ही?"

दादा ओशाळला. जावयाने हिरव्या खुणेचा नवा ढग आणला होता, तोही पुढची काही वर्षं फुकट वापरायला मिळणारा. त्यांच्या कंपनीकडून सासुरवाडीला भेट म्हणून. आता पंचाईत अशी, की हिरवा घेतला तर मामाचा निळा काढावा लागणार. मामाचा निळा काढला तर वहिनी आठवडाभर मोजकंच बोलणार. आणि हिरवा नाही घेतला तर जावयाचा अपमान, म्हणजे तर काही बोलायलाच नको.

दादाने अशा वेळी आयुष्यभर जे केलं तेच केलं. दोघांनाही हो म्हणाला.

"निळा राहू दे. हिरवाही बसवा. नवे प्रकल्प हिरव्यात ठेवू. पण जावईबापू, हिरव्याचा फोल्डर निळ्याच्या आतच ठेवा. म्हणजे मामांनाही वाटायला नको की त्यांचं बाजूला टाकलं."

"हो की, पप्पा. तिजोरीत तिजोरी," जावईबापू म्हणाले. "डबल सेफ्टी."

आणि 'ऑफिस' या निळ्या फोल्डरच्या पोटात 'प्रकल्प' हा हिरवा फोल्डर जाऊन बसला. ऑफिसातल्या पीसीवर, दादाच्या लॅपटॉपवर, घरच्या संगणकावर, सगळीकडे तसाच. जावईबापूंनी जाता जाता संगणकांना नावंही दिली. दादाचा 'दादा-लॅपटॉप', घरचा 'घर' आणि आत्याचा 'चिमी-पीसी'. चिमी बाजूला उभी राहून बघत होती. तिला काही खटकलं नाही, आणि खटकलं असतं तरी जावयाच्या कामात आत्याने नाक खुपसायचं नसतं.

महिनाभरात चिमत्कार सुरू झाले. हा शब्द वहिनीचा. 'तळमजला' ही फाईल होती, तिच्या शेजारी एके सकाळी 'तळमजला, चिमी-पीसी, कॉन्फ्लिक्टेड कॉपी' अशी, म्हणजे मूळ फाईलशी न जुळणारी प्रत असल्याचं सांगणारी, फाईल उगवली. दुसऱ्या दिवशी त्या कॉपीची कॉपी. मग जिने, खिडक्या, गटारांचा आराखडा, सगळ्यांना जुळी आणि तिळी होऊ लागली. चिमीने एक दिवस बसून सगळ्या कॉप्या पुसल्या. जेवून आली तर निम्म्या परत आपापल्या जागी हजर, जणू काही झालंच नाही. पुन्हा पुसल्या, पुन्हा आल्या. पुसलेलं परत येतं आणि ठेवलेलं गायब होतं, हे तिने दादाला सांगितलं, तेव्हा दादाने चष्मा नाकावर खाली घेऊन स्क्रीनकडे पाहिलं.

"सगळ्यांवर तुझंच नाव आहे, चिमे."

"मी नाही केल्या."

"मग 'चिमी-पीसी' कोण आहे?"

दादाने जावईबापूंना फोन लावला. त्यांनी फोनवरच निदान केलं, की आत्यांना सेव्ह आणि सेव्ह ॲजमधला फरक नीट कळत नसावा, त्या वयात असं होतं. चिमी जावयापेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी मोठी होती. दादा फोनवर "हो ना, हो ना" करत राहिला, आणि चिमी शेजारी बसून ते ऐकत राहिली. तिला राग आला तो जावयाचा नाही. जावई काय, परका माणूस. दादाने एकदा तरी म्हणायला हवं होतं की माझी बहीण पंचवीस वर्षं हेच काम करते आहे.

आणि मग दाराचं प्रकरण झालं.

प्लास्टरच्या खोलीचं दार चिमीने रुंद केलं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन हातवारे करून दाखवलं होतं, की स्ट्रेचर सरळ येत नाही, वळून येतं, आणि त्यावरच्या माणसाचा पाय मोडलेला असतो, तो दाराच्या चौकटीला लागून चालत नाही. चिमीने त्याच दुपारी 'तळमजला' फाईल उघडून दार मोठं केलं, भिंत सरकवली, सेव्ह केलं, बाकीची कामं करत परत परत सेव्ह केलं आणि संध्याकाळी फाईल बंद करून घरी गेली. बांधकामाचे जे कागद साइटवर जातात ते वेगळे असतात. दारांचा एक, विजेचा एक, नळांचा एक. पण सगळ्यांच्या खाली तीच तळमजल्याची फाईल अंथरलेली असते, आणि कागद तिला नावाने हाक मारतो. 'तळमजला' म्हटलं की जी फाईल ओ देईल ती खरी.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार घाईवर आला होता. चिमी साइटवर होती. दादाने आपल्या लॅपटॉपवरून दारांचा कागद काढला, खाली सही केली आणि पाठवून दिला. कागदावर तारीख ताजी होती, नाव बरोबर होतं, सही झोकदार होती. दार मात्र जुनं, अरुंद होतं. नवं दार 'तळमजला, चिमी-पीसी, कॉन्फ्लिक्टेड कॉपी' या फाईलमध्ये शेजारीच बसलं होतं, पण त्याला त्या नावाने कुणी हाक मारली नाही.

भिंत उभी राहिली. दारावरची काँक्रीटची तुळई ओतून झाली. डॉक्टरीणबाई बघायला आल्या त्या येताना जुन्या दवाखान्यातलं स्ट्रेचर टेम्पोत घालूनच आल्या, कारण त्या कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. स्ट्रेचर दारात आडवं अडकलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी दादाला फोन करून एवढंच विचारलं, की ही चूक कुणाची.

"बहिणीची," दादा म्हणाला. "कॉप्यांचा गोंधळ करते ती. सांगून थकलो."

"मग माझ्या कामावर त्या नकोत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शुक्रवारी येते मी. समोरासमोर ठरवू."

चिमीला हे दादाने सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, मान खाली घालून. "मनावर घेऊ नकोस गं. त्यांना काहीतरी सांगावंच लागलं. भागीदारीचं काय, आज नाही तर पुढच्या कामाला." मनावर घेऊ नकोस म्हणणाऱ्याच्या मनावर काही पडलेलं नसतं, हे चिमीला फार वर्षांपूर्वीच कळलेलं होतं. दवाखाना तिचा होता. त्यातली एकूण एक खिडकी तिला ठाऊक होती, आणि आता तिलाच त्यातून काढून टाकणार होते, तेही स्वतः न केलेल्या चुकीसाठी.

पण रडत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. आर्किटेक्टला एक सवय असते. भिंतीला ओल आली की ती भिंत शिव्या देऊन सुकत नाही, पाणी कुठून येतं ते शोधावं लागतं. गुरुवारी दादा दुपारी जेवून घरी लवंडला आणि लॅपटॉप ऑफिसात राहिला, तेव्हा तिने तो आपल्या पीसीच्या शेजारी आणून ठेवला. 'प्रकल्प' फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाईल केली, तिला 'ओल' असं नाव दिलं आणि 'एक' एवढाच शब्द लिहून सेव्ह केली. मग 'दोन'. मग 'तीन'. आणि लॅपटॉपवर काय होतं ते बघत बसली.

थोड्याच वेळात लॅपटॉपवर 'ओल' आली. आत 'तीन' होतं. मग तिच्या डोळ्यांदेखत तिथलं 'तीन' जाऊन 'दोन' झालं. कुणी हात लावला नव्हता. कोपऱ्यातली निळी खूण गोल गोल फिरू लागली, वर काहीतरी चढवू लागली, आणि चिमीच्या पीसीवरही 'तीन'चं 'दोन' झालं.

मग तिने दोन्ही संगणकांवरचा हिरवा ढग थांबवला आणि वहिनीला फोन करून घरचा संगणकही बंद करायला लावला. पुन्हा एक, दोन, तीन, चार. लॅपटॉपवर मुकाट 'चार' आलं आणि 'चार'च राहिलं. तासभर ती सेव्ह करत राहिली, एकही कॉपी उगवली नाही. मग तिने निळा थांबवून हिरवा चालू केला. तरीही सगळं शहाण्यासारखं. दोन्ही चालू केले की मात्र धुमाकूळ.

तेव्हा तिला उलगडलं. दोघेही आपापल्या परीने सज्जन होते. ती सेव्ह करे तेव्हा तेच काम निळाही उचले आणि हिरवाही, आणि दोघे वेगवेगळ्या रस्त्याने दादाच्या लॅपटॉपकडे निघत. निळा आधी पोचून नवं ठेवी. मागून हिरवा धापा टाकत येऊन, वाटेत अडकलेलं मघाचं जुनं त्याच जागी ठेवी. आता निळ्याला काय दिसे? फोल्डरमधली फाईल बदलली आहे. ढगाला माणूस आणि दुसरा ढग यांतला फरक कळत नाही. त्याला वाटे, दादांनी बसून काम केलं, मोठ्या माणसाचं काम, लगेच वर चढवा. आणि दादांच्या नावाने तिचंच शिळं काम ताजं म्हणून वर जाई. इकडे खरोखर काम करणारी चिमी पुढचं सेव्ह करे, तर निळा म्हणे, बाई, तुमचं जुन्यावर बेतलेलं आहे, तुमच्याआधी दादांचं आलंय. तुमचं मी बाजूला ठेवतो, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून. ती कॉपी हिरव्याला दिसे, हिरव्याला ती नवी फाईल वाटे, तो ती सगळीकडे वाटून येई. एकाने पुसलं की दुसऱ्याला वाटे हे चुकून राहिलं, तो परत आणून देई. सगळ्यांत जास्त सेव्ह चिमीच करायची, म्हणून सगळ्यांत जास्त कॉप्या तिच्याच नावावर. दादाच्या नावावर फारशा नव्हत्या, कारण दादा काही करतच नसे.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई आल्या. बैठकीच्या टेबलाशी एका बाजूला त्या, समोर दादा, आणि दादाच्या शेजारी, कोटबिट घालून, जावईबापू. तांत्रिक बाजू समजावून सांगायला दादाने त्यांना मुद्दाम रजा घ्यायला लावली होती. चिमीसाठी खुर्ची होती, पण टेबलापासून जरा मागे.

"मी आधी काही दाखवते," चिमी म्हणाली, आणि खुर्ची ओढून पुढे घेतली.

"अगं, आधी मला बोलू दे," दादा म्हणाला.

"तू बोललास, दादा. फोनवर." तिने दादाचा लॅपटॉप टेबलाच्या मध्यभागी, डॉक्टरीणबाईंकडे तोंड करून ठेवला. "तू फक्त दोन्ही हात टेबलावर ठेव. जावईबापू, तुम्हीसुद्धा."

जावईबापू हसले, पण हात ठेवले. चिमी आपल्या पीसीशी गेली. 'प्रकल्प' फोल्डरमध्ये नवी फाईल केली, लिहिलं, सेव्ह केलं, लिहिलं, सेव्ह केलं. सगळे लॅपटॉपकडे बघत होते. फाईल आली. नीट आली. काही झालं नाही.

"आत्या, चाललंय की व्यवस्थित," जावईबापू म्हणाले. "मी म्हटलं ना, पप्पा, सिस्टिममध्ये काही नाही. वापरण्यावर असतं."

घोळ दर वेळी होत नाही, दोघांची शर्यत कोण जिंकतं त्यावर असतो, हे चिमीला माहीत होतं. पण ते आत्ता बोलून दाखवणं म्हणजे सबबच वाटली असती. तिने पुन्हा लिहिलं, सेव्ह केलं. लगोलग पुन्हा. पुन्हा.

"हे काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लॅपटॉपवर त्या फाईलच्या शेजारी दुसरी उगवली होती. नाव लांबलचक, कॉन्फ्लिक्टेड कॉपी, आणि मध्ये स्वच्छ लिहिलेलं, 'दादा-लॅपटॉप'.

दादाने आपल्या हातांकडे पाहिलं. ते टेबलावरच होते.

"दादाने काहीच केलं नाही," चिमी परत येऊन म्हणाली. "पण फाईल म्हणते दादाने केलं. त्या दिवशी माझ्या नावाने म्हणत होती." मग तिने सगळं सांगितलं. निळा फोल्डर, त्याच्या पोटात हिरवा, एका फाईलवर दोन राखणदार आणि दोघांची ओळखदेख नाही. रुंद दाराची फाईल कुठे जाऊन पडली होती तीही उघडून दाखवली. कागदाने जिला हाक मारली ती कुठली, तेही दाखवलं.

डॉक्टरीणबाईंना समजावायला फार वेळ लागला नाही. "म्हणजे एकाच पेशंटला दोन डॉक्टर औषध देतायत आणि दोघांनाही दुसरा आहे हे माहीत नाही," त्या म्हणाल्या. "असे पेशंट येतात माझ्याकडे. ही व्यवस्था कुणी केली?"

दादा खिडकीकडे पाहू लागला. जावईबापूंनी गळ्यातला टाय सारखा केला.

"थिऑरेटिकली हे सेटअप बरोबर आहे," ते म्हणाले. "याला एक उपाय आहे. या दोन्हींवर लक्ष ठेवणारा तिसरा घेता येईल. आमच्याकडे आहे तो. भेट म्हणून देऊ शकेन मी."

आणि चिमीने आपल्या भावाच्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते ती पुढे कधी विसरली नाही. दादा त्यावर विचार करत होता. खरोखर, मनापासून. तिसरा घेतला तर निळाही राहील, हिरवाही राहील, कुणाचंच मन दुखणार नाही, हे गणित त्याच्या कपाळावर आठ्या पाडून चाललं होतं, आणि त्या गणितात बहीण कुठेच नव्हती.

"तिसरा नको," चिमी म्हणाली. "मामांचा किंवा जावईबापूंचा, एक बाहेर काढायचा, बस. दोन्ही ठेवायचे तर वेगवेगळे ठेवा, एकाच्या आत दुसरा नको. कालच हिरवा बंद करून सगळ्या फायली मी बाहेर एका जागी जुळवल्यात, आज तो फक्त दाखवायला पुन्हा चालू केला. खऱ्या कुठल्या, खोट्या कुठल्या, एकेक उघडून बघितल्यात."

"मला न विचारता?" दादा म्हणाला. "अगं, जावईबापूंना काय वाटेल?"

जावईबापू समोरच बसलेले असताना दादाने हे विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"एक मला सांगा," त्या दादाला म्हणाल्या. "या दोघांपैकी एकाला नाही म्हणायला तुम्हाला जड गेलं, हे समजलं. पण चूक कुणाची म्हणून मी विचारलं, तेव्हा तुम्ही क्षणभरही न थांबता यांचं नाव घेतलंत. ते कसं?"

"फायलींवर तिचं नाव होतं ना," दादा म्हणाला. मग स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नाही म्हणून, जरा मऊ आवाजात, "आणि ती काय, घरचीच आहे. तिला सांगितलं तर ती समजून घेते."

यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं, हे तर जास्तच झोंबलं. तो तिच्याकडे बघून हसलासुद्धा, लहानपणी तिच्या वाटणीची खुर्ची पाहुण्याला देताना हसायचा तसा.

डॉक्टरीणबाई चिमीकडे वळल्या. "भिंत कधी पाडायची?"

"सोमवारी तुळई काढू. नवा कागद मी आजच देते."

"त्यावर सही कुणाची असेल?"

"सहीचं आपण घरात बोलू," दादा घाईघाईने म्हणाला. "म्हणजे भागीदारी द्यायचीच आहे तिला, पण आत्ता लगेच दिली तर असं दिसेल की जावईबापूंच्या... म्हणजे तसा काही अर्थ निघायला नको. दोन-तीन महिने जाऊ देत. चिमे, तुला कळतंय ना मी काय म्हणतोय?"

चिमीला कळत होतं. तिला पहिल्यापासूनच सगळं कळत होतं, आणि तिला कळतं म्हणूनच तर सगळ्यांचं चाललं होतं. तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"दादा, पंचवीस वर्षांत या ऑफिसातल्या एकाही कागदावर माझं नाव लागलं नाही," ती म्हणाली. "लागलं ते फक्त या खराब कॉप्यांवर. आणि तेवढं मात्र तू लगेच खरं मानलंस."

जावईबापू आपल्या फोनवरची हिरवी खूण उघडून बघू लागले.

"तुम्हाला हरकत नसेल," चिमी डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "तर सोमवारचा कागद मी माझ्या नावाने देते. ऑफिस नाही माझं. घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून काढीन. सही करायचा परवाना मला पहिल्यापासून आहे, फक्त वापरला नाही."

"पूर्ण नाव काय तुमचं?" डॉक्टरीणबाईंनी पेन पुन्हा उचललं. "चिमीच ऐकते आहे मी इतके दिवस."

चिमीने नाव सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं आणि स्पेलिंग विचारलं. चिमीने एकेक अक्षर सांगितलं, आणि दादा टेबलावर ठेवलेले हात तसेच ठेवून, ते नाव पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा बघत राहिला.